७.५ सीजीपीए गाठायला उरलेल्या सेमिस्टरमध्ये किती पाहिजे?

कोरी_वही

चौथ्या सेमिस्टरचा निकाल लागला. आतापर्यंतचे एसजीपीए क्रमाने ६.५०, ६.००, ७.०० आणि ७.५०. मार्कशीटवर सीजीपीए ६.७६ छापून आलाय. डिग्री हातात येईल तेव्हा मला ७.५० पाहिजे, दहापैकी.

प्रश्न एवढाच: उरलेल्या चारही सेमिस्टरना साधारण सारखाच एसजीपीए पडेल असं धरलं, तर तो किती असायला हवा? मैत्रिणीनं ८.२५ काढून दिला. एका ऑनलाइन कॅल्क्युलेटरनं ८.२४ दाखवला. आमचे सर न मोजताच म्हणाले, "साडेआठ धरून चल." तिघांपैकी कोणाचं ऐकू?

झटपट_हिशेब

मैत्रीण बरोबर आहे. साडेसात गुणिले आठ म्हणजे साठ. तुझी आतापर्यंतची बेरीज सत्तावीस. उरले तेहेतीस, चारांत वाटले की ८.२५. कॅल्क्युलेटरनं सत्तावीसऐवजी ६.७६ ची चौपट घेतली असणार, म्हणून ८.२४. सर घाबरवतायत.

आणि आत्तासारखेच ७.५० पडत राहिले तर शेवटी किती, तेही सांगतो: सत्तावीस अधिक तीस, भागिले आठ, ७.१३. संपला विषय.

पोटमाळा

माझ्या पुतण्यालाही हेच हवंय. ७.५० म्हणजे टक्के किती होतात? साडेनऊनं गुणायचं की दहानं?

निळी_शाई

पोटमाळा, टक्क्यांचं सूत्र प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं, आणि बहुतेक वेळा मार्कशीटच्या मागेच छापलेलं असतं. तिथलंच वापरा, दुसऱ्याचं उसनं घेऊ नका. इथं त्याचा संबंध नाही.

कोरी_वही, प्रत्येक सेमिस्टरचे क्रेडिट टाक. झालेल्या चारांचे आणि पुढच्या चारांचेही. पुढचे अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत मिळतील. त्याशिवाय ८.२५ म्हणणं म्हणजे अंदाजपंचे.

कोरी_वही

झालेले: १८, २२, २२, २२. पुढचे: २३, २१, २०, १२. एकूण १६०. आठव्याला फक्त प्रोजेक्ट (८ क्रेडिट) आणि एक इलेक्टिव्ह (४ क्रेडिट) आहे, म्हणून कमी.

निळी_शाई

आता हिशेब होतो. मी निकाल लावणाऱ्या खात्यात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे ज्या पद्धतीनं तो आकडा मशीनमधून बाहेर पडतो त्याच पद्धतीनं सांगतो.

एसजीपीएकडे आधी बघूच नकोस. गुणांकांची पोतडी बघ. एसजीपीए गुणिले त्या सेमिस्टरचे क्रेडिट केलं की त्या सेमिस्टरला पोतडीत किती पडलं ते कळतं. तुझ्या पहिल्याला १८ × ६.५० = ११७. दुसऱ्याला २२ × ६ = १३२. मग १५४, मग १६५. बेरीज ५६८. भागिले ८४ क्रेडिट, ६.७६. मार्कशीटशी जुळलं, म्हणजे पाया बरोबर आहे. हे जुळवून पाहिल्याशिवाय पुढं जायचं नाही. जुळलं नाही तर एखादा विषय हिशेबात धरलेला नाही किंवा दोनदा धरलाय.

आता शेवट. १६० क्रेडिटवर ७.५० पाहिजे म्हणजे पोतडीत १२०० पाहिजेत. ५६८ आहेत. कमी पडतात ६३२. ते उरलेल्या ७६ क्रेडिटमधून यायचे आहेत. ६३२ भागिले ७६ केलं की ८.३१५८. वर ढकलून ८.३२ धर.

म्हणजे ना ८.२५, ना ८.२४, ना साडेआठ.

झटपट_हिशेब

बरं, ८.३२. माझ्या ८.२५ पेक्षा सात शतांश जास्त. एवढ्या फरकासाठी पोतड्या कशाला उघडायच्या? परीक्षेत कोणी शतांश ठरवून लिहितं का?

निळी_शाई

लिहीत नाही, पण मार्कशीटवर शतांशच छापले जातात. तुमच्या ८.२५ नं चालली असती तर ७६ × ८.२५ = ६२७ मिळाले असते. एकूण ११९५. भागिले १६० म्हणजे ७.४७. चारही सेमिस्टर ठरवल्याबरहुकूम पार पाडून ७.५० च्या अटीत ती बसली नसती.

चूक कुठून येते तेही बघा. तुमच्या पद्धतीत आठव्या सेमिस्टरचं वजन पाचव्याइतकंच धरलं जातं. प्रत्यक्षात पाचव्याला २३ क्रेडिट आहेत आणि आठव्याला १२. शिवाय उरलेली बाजू हलकी आहे: झालेले ८४, राहिलेले ७६. "निम्मं झालं, निम्मं राहिलं" हे सेमिस्टर मोजून खरं, क्रेडिट मोजून नाही. जे झालं ते जड आहे आणि ते सरासरीपेक्षा खाली आहे, म्हणून राहिलेल्याला थोडं जास्त उचलावं लागतं. सगळ्या सेमिस्टरना सारखेच क्रेडिट असते तर तुमचंच उत्तर बरोबर होतं, ते मान्य.

झटपट_हिशेब

आमच्या कोर्सला प्रत्येक सेमिस्टर वीसच क्रेडिटचं होतं, तिथं माझंच चालायचं. तरी ७.४७ चं ७.५ करतातच की लोक अर्जात.

निळी_शाई

अर्जात करतात, पडताळणीत पकडले जातात. आणि तिच्या बाबतीत गोळाबेरजेचाही उपयोग नाही. १६० क्रेडिटवर पोतडीतला एक गुण म्हणजे सीजीपीएत ०.००६२५. १२०० ला एक कमी, ११९९ झाले तरी ७.४९ च येतो. १२०० किंवा काहीच नाही.

कोरी_वही

काका, ८.३२ समजलं. पण एसजीपीए "८.३२ पाडायचा" म्हणजे मी नक्की काय करायचं? आमच्याकडे विषयाला ८, ९, १० असे पूर्ण गुणांकच मिळतात.

निळी_शाई

हा प्रश्न जास्त कामाचा. ८.३२ ही सरासरी आहे, कुठल्याही विषयात ती मिळत नाही. तिचे तुकडे असे कर: ७६ क्रेडिटना सगळीकडे ८ पडले तर ६०८ होतात. पाहिजेत ६३२. कमी चोवीस. म्हणजे चोवीस क्रेडिटच्या विषयांत ८ ऐवजी ९ पाहिजेत. चार क्रेडिटचा एक विषय धरला तर सहा विषय. बाकी सगळ्यांत आठ. कुठं ७ पडला तर तेवढ्याच क्रेडिटचा आणखी एक ९ शोधायचा.

आता सारखा एसजीपीए धरल्यावर मधल्या मार्कशीटवर काय दिसेल तेही सांगतो, म्हणजे मध्येच धीर सुटणार नाही. ८.३२ नं पाचवं झालं की सीजीपीए ७.१० दिसेल. सहाव्यानंतर ७.३०. सातव्यानंतर ७.४४. आठव्यानंतर ७.५०. चढ आधी मोठा आणि मग लहान, मेहनत तेवढीच असली तरी. पहिल्याच झटक्यात ०.३४ वर जातो म्हणून असाच चढत राहील असं वाटतं. चढत नाही, कारण खालचा ढीग दर वेळी मोठा होत जातो.

दीडशहाणी

मी थेट दुसऱ्या वर्षाला आलेली. माझ्या मार्कशीटवर पहिल्या वर्षाचे क्रेडिट धरतच नाहीत, हिशेब सहाच सेमिस्टरचा. त्यामुळे तिसऱ्या सेमिस्टरला माती खाल्ली ती अजून निस्तरतेय. धागाकर्तीला दोन सेमिस्टर जास्त मिळाली म्हणून ती नशीबवान.

निळी_शाई

उलटंही होतं. ढीग लहान असला की एका सेमिस्टरनं खाली जास्त येतो, तसा वरही जास्त जातो. आणि धागाकर्तीचं पहिलं वर्ष हिशेबातच नसतं तर तिचंच भलं झालं असतं, कारण सगळ्यात कमी आकडे तिथलेच आहेत.

दीडशहाणी

ते खरं. पण माझा एक विषय राहिलाय, चार क्रेडिटचा. त्या सेमिस्टरच्या मार्कशीटवर एसजीपीए ५.९ आला, आणि मैत्रीण म्हणते की विषय सुटला की आपोआप वाढेल. मी सारखा एसजीपीए काढताना ५.९ धरू की सुटल्यानंतरचा?

निळी_शाई

आधी बघ की ५.९ मध्ये तो विषय शून्यानं धरलाय की बाहेर ठेवलाय. दोन्ही पद्धती चालतात. कुठं नापास विषयाचे क्रेडिट भाजकात राहतात आणि वर शून्य पडतं. कुठं मिळवलेल्या क्रेडिटवरच भागतात, आणि मग विषय सुटल्यावर सीजीपीए चक्क खालीही येऊ शकतो, कारण सुटलेला विषय बहुधा ५ किंवा ६ नं सुटतो आणि तुझी सरासरी त्याहून वर असते. ओळखायचं कसं: मार्कशीटवर त्या सेमिस्टरचे "मिळवलेले क्रेडिट" आणि "नोंदवलेले क्रेडिट" असे दोन आकडे असतात. एसजीपीएला दोघांनी वेगवेगळं गुणून बघ. ज्यानं पूर्णांक येतो किंवा अगदी जवळ येतो तो भाजक.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: तो विषय उरलेल्या क्रेडिटमध्ये टाक. झालेल्यात नको. म्हणजे हिशेब स्वच्छ राहतो.

रात्रपाळी

सगळे हिशेब वाचले. एक कोणीच विचारलं नाही: ७.५० कोणाला दाखवायचाय आणि कधी? नोकरीसाठी असेल तर कंपन्या सातव्याच्या सुरुवातीला येतात. पुढच्या शिक्षणाचे अर्जही बहुतेक शेवटच्या वर्षाच्या पहिल्या अर्ध्यातच जातात. त्या वेळी आठव्याचा निकाल नसतो, सातव्याचाही नसतो. बघतात तो सहाव्यापर्यंतचा सीजीपीए. मी पलीकडच्या बाजूला बसून याद्या गाळल्या आहेत. यादीत ७.४९ पर्यंतची नावं एका क्लिकमध्ये जातात, कोणी उघडून बघत नाही.

कोरी_वही

नोकरीसाठीच. अट "७.५ आणि वर" अशी असते असं सीनियर म्हणतात.

निळी_शाई

रात्रपाळींनी बरोबर जागी बोट ठेवलं. मग सगळा हिशेब बदलतो. सहाव्याच्या शेवटी १२८ क्रेडिट झालेले असतील. १२८ × ७.५० = ९६०. हातात ५६८. पाहिजेत ३९२, आणि तेही पाचव्या-सहाव्याच्या ४४ क्रेडिटमध्ये. ३९२ भागिले ४४ म्हणजे ८.९१.

तुकडे केले तर चाळीस क्रेडिटला ९ आणि एका चार क्रेडिटच्या विषयाला ८. तेवढीच सूट. कुठं १० पडला तर आणखी एक ८ खपेल.

तेच उद्दिष्ट, तेच मार्कशीट, पण एकीकडे ८.३२ आणि एकीकडे ८.९१. आतापर्यंत ७.५० च्या वर न गेलेली मुलगी आणि दोन सेमिस्टरमध्ये जवळजवळ सगळीकडे ९ पाडणारी मुलगी यांत जेवढं अंतर आहे तेवढं.

झटपट_हिशेब

काका, हे ७.५० कुठलं? उद्दिष्टाचं?

निळी_शाई

उद्दिष्टाचं नाही. सेमिस्टरला ७.५० हा तिचा आतापर्यंतचा सगळ्यात चांगला एसजीपीए आहे. तिथून ८.३२ ला जाणं अवघड पण कल्पनेत बसणारं. तिथून दोन्ही सेमिस्टर ८.९१ ही वेगळीच उडी.

रात्रपाळी

मी तर म्हणेन की सहाव्यापर्यंत ७.०० ते ७.२० मध्ये राहील असं धरून त्या अटीच्या कंपन्या बघाव्यात. ७.५ चा हट्ट डिग्रीसाठी ठेवावा.

दीडशहाणी

हे मला पटत नाही. आकडा अवघड निघाला म्हणून आधीच खालची यादी बघायची? पाचव्याचा निकाल तर लागू दे. तिथं ८.९ पडला तर?

रात्रपाळी

पडला तर उत्तमच. मी तयारी कशाची करायची ते सांगतोय, आशा सोडायला नाही.

झटपट_हिशेब

एक शंका. सगळीकडे सारखा एसजीपीए हे गृहीतकच खोटं नाही का? प्रोजेक्टला सगळ्यांना दहा मिळतात. आठव्याला १० धरा, बाकीच्यांवरचं ओझं कमी होईल.

निळी_शाई

शंका रास्त आहे, "सगळ्यांना" सोडून. प्रोजेक्टच्या आठ क्रेडिटला १० आणि इलेक्टिव्हच्या चारला ८ धरले तर आठव्यातून ११२ येतात. मग ६३२ मधले ५२० उरतात, पाचवं ते सातवं मिळून ६४ क्रेडिट. ८.१३ नं काम होतं. ८.३२ वरून ८.१३, एवढाच दिलासा, कारण आठवं मुळात बाराच क्रेडिटचं आहे.

पण याची उलटी बाजू बघा. "शेवटी प्रोजेक्ट आहेच" म्हणत पाचवं, सहावं, सातवं तिन्ही ८.०० नं गेलं, तर ६४ × ८ = ५१२ मिळाले. उरले १२०. आठव्याचे क्रेडिट १२. म्हणजे प्रोजेक्टलाही १० आणि इलेक्टिव्हलाही १०, त्याहून एक गुण कमी चालणार नाही. दर सेमिस्टरला फक्त ०.३२ मागं राहिल्याचा हा परिणाम. तोपर्यंत मार्कशीटवर ७.३० दिसत असतो आणि मूल म्हणतं, दोनच दशांश राहिले.

म्हणून सारखा एसजीपीए हे भाकीत म्हणून धरू नये, मोजपट्टी म्हणून धरावं. दर निकालानंतर ती नव्यानं काढायची. पाचव्याला १८४ मिळाले (म्हणजे ८.००) तर पुढची मागणी ४४८ भागिले ५३, ८.४५ होते. १७५ मिळाले (७.६१) तर ८.६२. मागणी वाढतेय की घटतेय ते बघितलं की कळतं. सीजीपीए वाढतोय यावरून काही कळत नाही, तो तर ८.०० नंही वाढतच असतो.

कोरी_वही

आणि समजा कोणी ८.५० चं स्वप्न दाखवलं तर? घरून तोच आकडा ऐकू येतो.

निळी_शाई

ते स्वप्न गणितात बसत नाही. उरलेल्या सगळ्या ७६ क्रेडिटला १० पाडलेस तरी ५६८ अधिक ७६०, म्हणजे १३२८. भागिले १६०, ८.३०. ही तुझी कमाल मर्यादा. ८.५० ला १०.४२ चा एसजीपीए लागेल, तो दहाच्या पट्टीवर नाहीच. ८.०० ला ९.३७ लागेल, ते कागदावर शक्य आहे. घरच्यांना ८.३० चा आकडा दाखव, वाद तिथंच मिटेल.

झटपट_हिशेब

हे एक्सेलमध्ये टाकून द्या कोणीतरी, दर वेळी काकांना किती त्रास द्यायचा.

रात्रपाळी

B2 ते B9 मध्ये आठही सेमिस्टरचे क्रेडिट, C2 ते C9 मध्ये एसजीपीए. ज्याचा निकाल नाही तो कप्पा रिकामा ठेवा, शून्य टाकू नका. F1 मध्ये उद्दिष्ट. लागणारा सारखा एसजीपीए:

```
=(F1*SUM(B2:B9)-SUMPRODUCT(B2:B9,C2:C9))/SUMPRODUCT((C2:C9="")*B2:B9)
```

सहाव्यापर्यंतचं पाहिजे असेल तर सगळीकडे 9 च्या जागी 7 टाका, म्हणजे B2:B7 आणि C2:C7. उत्तर दहाच्या वर गेलं की उद्दिष्ट खाली आणायचं. पाचव्याचा निकाल C6 मध्ये टाकला की मागणी आपोआप नवी होते. एसजीपीए मार्कशीटवर दोनच दशांशांचा असतो, त्यामुळे पोतडीत एखाददुसऱ्या दशांशाची चूक येईल. काकांसारखं पूर्णांकात वळवून घेतलं तर तीही जाते.

कोरी_वही

टाकलं. ८.३१५८ आलं, आणि सहाव्यापर्यंतचं ८.९०९१. छापून भिंतीला लावते.

शेवटचं एक. दुसऱ्या सेमिस्टरला चार क्रेडिटच्या एका विषयात मला ५ आहे. तो पुन्हा देऊन ८ पाडला तर?

निळी_शाई

तीन गुणांक गुणिले चार क्रेडिट, पोतडीत बाराची भर. भाजक बदलत नाही, म्हणून हा सौदा स्वस्त आहे. शेवटची मागणी ६२० भागिले ७६, ८.१६ होते. सहाव्यापर्यंतची ३८० भागिले ४४, ८.६४. पण हे तेव्हाच, जेव्हा पास विषय सुधारणेसाठी पुन्हा देता येतो आणि नवा गुणांक जुन्याची जागा घेतो.

दीडशहाणी

आमच्याकडे पास झालेला विषय पुन्हा देऊच देत नाहीत.

रात्रपाळी

आमच्याकडे देता यायचा, पण दोन्हींपैकी जो जास्त तो धरायचे. आणि मार्कशीटवर पुन्हा दिल्याची खूण यायची. आम्ही गाळताना ती बघायचो नाही, पण काही ठिकाणी बघतात.

कोरी_वही

आमच्या पुस्तिकेत सुधारणेबद्दल एकच ओळ आहे: "नियमानुसार अनुज्ञेय." परीक्षा विभागात विचारून येते. तोपर्यंत ८.१६ धरू की ८.३२?

निळी_शाई

८.३२. आणि विचारताना हेही विचार की सुधारलेला गुणांक कुठल्या तारखेच्या मार्कशीटवर येतो. सहाव्याच्या निकालानंतर आला तर कंपन्यांच्या यादीसाठी त्याचा उपयोग नाही, मागणी ८.९१ च राहते.